उंबरठ्यावरचा प्रश्न आधी सोडवा: नोटिसा आणि ऑर्डरी काढणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय अधिकारी वर्ग,

कर आकारणारे, भाडं ठरवणारे, जमिनीचे वाद ऐकणारे, कामगारांचे अर्ज निकाली काढणारे, म्हणजे ज्यांच्या सहीने माणसाच्या खिशातून पैसे जातात किंवा डोक्यावरचं छप्पर जातं अशा सगळ्या अर्धन्यायिक अधिकाऱ्यांना हे पत्र आहे. मी वकील आहे, बरीच वर्षं हायकोर्टात रिट पिटिशन चालवतोय, तुमच्याच ऑर्डरींविरुद्ध. त्यामुळे तुमच्या ऑर्डरी मी तुमच्या वरिष्ठांपेक्षा जास्त बारकाईने वाचल्या असतील असं म्हटलं तरी चालेल. आणि एक चूक मला इतक्या वेळा दिसली आहे की आता ती कोर्टात दाखवण्यापेक्षा तुम्हालाच थेट सांगावी असं वाटलं.

मागे एका प्रकरणात माझ्या अशिलाला आलेली ऑर्डर चौदा पानांची होती. त्यातली साडेतेरा पानं हिशोबाची, व्याजाची, दंडाची, सगळं व्यवस्थित, आकडा न् आकडा जुळलेला. आणि आमचा मुख्य मुद्दा काय होता, तर हा कायदा आमच्या अशिलाला मुळात लागूच होत नाही, कारण कायदा ज्या प्रकारच्या माणसाबद्दल बोलतो तो प्रकारच आमचा नाही. त्यावर ऑर्डरमध्ये दोन ओळी. "अर्जदाराने अधिकारक्षेत्राबाबत हरकत घेतली आहे. सदर हरकत ग्राह्य धरता येत नाही." का धरता येत नाही, कुठला कागद बघितला, काहीच नाही. त्या दोन ओळींवर पुढची साडेतेरा पानं उभी होती आणि हायकोर्टात त्या दोन ओळींमुळेच सगळी ऑर्डर गेली, परत पाठवली गेली, तीन वर्षं माझ्या अशिलाचीही गेली आणि त्या खात्याचीही.

या दोन ओळींच्या मुद्द्याला कोर्टाच्या भाषेत ज्युरिसडिक्शनल फॅक्ट म्हणतात. मी याला उंबरठ्यावरचं तथ्य म्हणतो. कायद्याने तुम्हाला अधिकार दिलाय पण तो सरसकट दिलेला नाही, अमुक एक गोष्ट वस्तुस्थितीत असेल तर दिलाय. पैसे घेणारा अनिवासी असेल तर, समोरचा माणूस कायद्यातला कामगार असेल तर, घर अमुक तारखेनंतर बांधलेलं असेल तर. ती गोष्ट असेल तर तुम्ही आत, नसेल तर तुम्ही दाराबाहेर. आणि ती आहे की नाही यावर शेवटचा शब्द तुमचा नसतो, तो कोर्टाचा असतो. कोर्ट ते तथ्य स्वतः तपासतं, "अधिकाऱ्याला तसं वाटलं ना, मग ठीक आहे" असं म्हणून सोडून देत नाही.

हे का, हे समजून घेतलं तर बाकी सगळं सोपं जातं. समजा हा शेवटचा शब्द तुमचाच असता. मग ज्याला अधिकार नाही तो अधिकारी फक्त "मला अधिकार आहे असं मला आढळलं" एवढं लिहून अधिकार मिळवू शकला असता, विधिमंडळाने किंवा संसदेने घातलेली अट त्याच्या एका वाक्याने पुसली गेली असती. इंग्लंडमधल्या कोर्टांनी हे १८५३ सालीच बन्बरी विरुद्ध फुलर या प्रकरणात सांगून ठेवलंय, की मर्यादित अधिकार असलेलं कुठलंही कोर्ट ज्या मुद्द्यावर त्याच्या अधिकाराची मर्यादा अवलंबून आहे त्या मुद्द्यावर चुकीचा निर्णय देऊन स्वतःला अधिकार देऊ शकत नाही. आपल्याकडे तेच तत्त्व आलं आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने ते चांगलंच ठणकावून वापरलं.

रझा टेक्सटाइल्स विरुद्ध इन्कम टॅक्स ऑफिसर, रामपूर हा १९७३ साली रिपोर्ट झालेला निकाल तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, अगदी छोटा आहे. तेव्हा १९२२ चा आयकर कायदा होता. त्याच्या कलम १८ मध्ये अशी तरतूद होती की तुम्ही अनिवासी माणसाला किंवा फर्मला करपात्र रक्कम देत असाल तर आधी त्यातून कर कापायचा, नाही कापला तर तुम्हीच थकबाकीदार. कंपनीने एका फर्मला पैसे दिले होते आणि कर कापला नव्हता. आयकर अधिकारी म्हणाले फर्म अनिवासी आहे, कंपनी म्हणाली अजिबात नाही. अधिकाऱ्यांनी कंपनीचं म्हणणं नाकारलं आणि कर लावला. कंपनी अलाहाबाद हायकोर्टात गेली, सिंगल जजने पुरावा बघितला आणि फर्म अनिवासी नाही असा निष्कर्ष काढला. पण अपिलात डिव्हिजन बेंचने ते फिरवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की अधिकाऱ्यापुढे जे होतं त्यावर त्याने ठरवलंय, ते ठरवणं त्याचं काम, हायकोर्टाने रिटमध्ये त्यात शिरायला नको होतं.

सुप्रीम कोर्टाने डिव्हिजन बेंचचा हा समज पूर्ण चूक ठरवला. फर्म निवासी की अनिवासी याचा एकमेव न्यायाधीश आयकर अधिकारी आहे असं धरूनच ते चालले होते आणि तसं नाहीये, असं कोर्ट म्हणालं. कुठलाही प्राधिकारी, आणि अर्धन्यायिक प्राधिकारी तर नाहीच नाही, उंबरठ्यावरचं तथ्य चुकीचं ठरवून स्वतःच्या अंगावर अधिकार चढवून घेऊ शकत नाही. ते तथ्य बरोबर ठरवलं की चूक हे हायकोर्ट सर्शिओरारीच्या रिटमध्ये, म्हणजे खालच्या प्राधिकाऱ्याचं रेकॉर्ड मागवून ऑर्डर तपासायच्या कारवाईत, तपासू शकतं. आणि पुढे न्यायमूर्ती हेगडे यांच्या निकालात जे आहे त्याचा आशय असा की असा अधिकारी हे तथ्य चुकीचं ठरवेल आणि त्याच्यावर नागरिकाकडून कर वसूल करेल ही गोष्ट कल्पनेपलीकडची आहे. कोर्टाच्या भाषेत हे बरंच कडक आहे.

आता यातला नेमका फरक बघा, कारण बरेच अधिकारी इथेच अडकतात. त्याच प्रकरणात फर्म खरंच अनिवासी असती, पण कर किती कापायला हवा होता हे अधिकाऱ्याने चुकीचं काढलं असतं, तर? तर ती चूकच, पण ती दाराच्या आतली चूक. तिच्यासाठी अपील आहे, रिव्हिजन आहे, हायकोर्ट रिटमध्ये तुमचा गुणाकार तपासत बसणार नाही. दाराच्या आत तुम्हाला चुकण्याचाही अधिकार आहे असं म्हटलं तरी चालेल. दाराबाहेर तो नाही. आतल्या तथ्याला कोर्टं निर्णयाधीन तथ्य म्हणतात आणि तिथे चुकल्याने ऑर्डर अधिकाराबाहेरची होत नाही.

मग कुठलं तथ्य दाराचं आणि कुठलं आतलं हे ओळखायचं कसं? याचं एकच ठरलेलं यंत्र नाहीये हे मी प्रामाणिकपणे सांगतो, अर्धे वाद याच्यावरच होतात. पण कायद्याचं वाक्य नीट वाचलं तर बहुतेक वेळा ते वाक्यच सांगतं. कलमात "जर अमुक असेल तर" असं सरळ असेल, वस्तुस्थिती म्हणून, तर ते बहुधा दाराचं. १९५९ चा चौबे जगदीश प्रसाद यांचा निकाल आहे, उत्तर प्रदेशच्या भाडे नियंत्रण कायद्याचा, तिथे भाडं ठरवायचा जो अधिकार होता तो ३० जून १९४६ नंतर बांधलेल्या घरापुरता. घर त्या तारखेच्या आधी बांधलं की नंतर, याला बरोबर किंवा चूक असं एकच उत्तर आहे, कोणाच्या मतावर ते बदलत नाही. म्हणून ते दाराचं तथ्य.

याउलट कलमात "अधिकाऱ्याचं समाधान झालं तर" किंवा "असं मानण्यास कारण असेल तर" असं लिहिलं असेल तर कायद्याने ठरवण्याचं काम मोठ्या प्रमाणात तुमच्यावर सोपवलंय. तिथे दाराचं तथ्य म्हणजे ते समाधान खरंच झालं का, त्यामागे काही सामग्री होती का, एवढंच. १९७६ च्या लखमनी मेवल दास प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा करनिर्धारण उघडण्याबद्दल हेच सांगितलं, की कारणं आणि उत्पन्न करातून सुटलं हा अधिकाऱ्याचा विश्वास यांच्यात जिवंत दुवा हवा, तो नसेल तर नोटीस रद्द होते, पण कारणं पुरेशी आहेत का हे कोर्ट मोजत बसणार नाही. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात तुम्हाला बरीच मोकळीक आहे. आणि तिसराही एक प्रकार असतो, कायदा स्वतःच म्हणतो की ती गोष्ट आहे का नाही हे पण हाच अधिकारी ठरवेल, पुढे अपील वगैरेची सोय आहे. १९५२ च्या इब्राहिम अबूबकर प्रकरणात फाळणीमुळे देश सोडून गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेबद्दल कोर्टाने असंच वाचलं, की मालमत्ता त्या व्याख्येत बसते का हे ठरवणं कस्टोडियनच्याच, म्हणजे अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्याच, अधिकारातलं आहे, त्यामुळे तिथे चुकलं तरी ती आतली चूक.

तर माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक मुद्दा दाराचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कलम उघडून हे वाक्य कुठल्या प्रकारचं आहे हा प्रश्न नोटीस काढायच्या आधी स्वतःला विचारा. तो विचारलेला मला ऑर्डरींमध्ये दिसत नाही.

आता एक प्रकरण जरा सविस्तर घेतो, कारण आकडा निघाला म्हणजे अधिकार सिद्ध झाला हा जो गैरसमज आहे तो या प्रकरणात सगळ्यात स्वच्छ दिसतो. अरुण कुमार विरुद्ध भारत सरकार, २००६. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १७ मध्ये पगाराबरोबर मिळणाऱ्या सोयी करपात्र ठरवल्या होत्या आणि त्यात एक सोय अशी लिहिली होती, की नोकरी देणाऱ्याने दिलेल्या घराच्या भाड्यात मिळालेली सवलत. शब्द लक्षात ठेवा, सवलत. २००१ साली आयकर नियमांतला नियम ३ बदलला आणि सवलतीचं मूल्य काढायची एक सोपी पद्धत आली. घर नोकरी देणाऱ्याच्या मालकीचं असेल तर, चार लाखांपेक्षा जास्त वस्तीच्या शहरात पगाराच्या दहा टक्के, इतर ठिकाणी साडेसात टक्के, त्यातून कर्मचाऱ्याने दिलेलं भाडं वजा, जे उरलं ती सोय.

समजा एखाद्याचा पगार वर्षाला ६,००,००० रुपये आणि घर मोठ्या शहरात. दहा टक्के म्हणजे ६०,०००. तो कंपनीला महिना ४,००० भाडं देतो, वर्षाचे ४८,०००. उरले १२,०००, यावर कर. हिशोब संपला, बरोबर? पण आता विचारा की त्याला सवलत मिळाली का. समजा तशाच घराला, तशाच वस्तीत, बाजारात महिना ३,८०० भाडं पडतं. मग तो तर बाजारापेक्षा जास्तच देतोय, सवलत कुठे आहे? तरीही नियमात आकडे घातले की १२,००० बाहेर येतातच. आणि समजा बाजारभाडं ५,५०० असेल, तर वर्षाला ६६,०००, त्यातून ४८,००० गेले, खरी सवलत १८,००० ची, पण नियम पुन्हा १२,०००च सांगतो. म्हणजे नियमाला सवलत आहे की नाही हे कळतच नाही. तो पगाराकडे बघतो, घराकडे बघत नाही. सवलत असेल तर तिची किंमत काय धरायची एवढंच तो सांगतो.

सुप्रीम कोर्टाने नियम रद्द केला नाही, हे महत्त्वाचं आहे, नियम वैध आहे असंच म्हटलं. पण त्याचबरोबर म्हटलं की सवलत असणं हे उंबरठ्यावरचं तथ्य आहे. अधिकाऱ्याने आधी सवलत आहे असा निष्कर्ष काढला पाहिजे, कर्मचाऱ्याला सवलत नाहीच असं म्हणायची संधी दिली पाहिजे, आणि मगच नियम ३ उघडायचा. कोर्टाने हेही नोंदवलं की कायद्यात अशी कुठली मानीव तरतूद नाहीये की पगाराच्या अमुक टक्क्यांपेक्षा भाडं कमी असेल तर सवलत आहे असंच समजावं. ती नसताना फक्त गणितावरून सवलत गृहीत धरता येणार नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणेल की हा निकाल आता चालत नाही. खरंय. २००७ च्या वित्त कायद्याने कलम १७ मध्येच स्पष्टीकरणं घातली आणि तेही मागच्या तारखेपासून, की भाडं अमुक टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सवलत दिली असं मानलं जाईल. निकाल चुकीचा होता म्हणून हे झालं नाही. कोर्टाने बोट ठेवलं होतं की मानीव तरतूद नाही, संसदेने ती आणली. उंबरठा हलवायचा अधिकार संसदेला आहे, तिने हलवला. अधिकाऱ्याला तो नव्हता, म्हणून तोपर्यंत त्याला सवलत सिद्ध करूनच पुढे जावं लागत होतं. माझ्या मते सगळी गोष्ट यात आली. ज्याने अट घातली तोच अट काढू शकतो, ज्याच्यावर अट घातली तो नाही.

आणखी एक गोष्ट जी ऑर्डरींमध्ये नेहमी चुकते, ती म्हणजे ते तथ्य कुठल्या तारखेला बघायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ३ मध्ये असं आहे की भाडेकरू जर एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल तर तिला या कायद्याचं संरक्षण नाही. करोना लिमिटेड विरुद्ध पार्वती स्वामिनाथन या २००७ च्या निकालात नेमका हाच मुद्दा होता, जागा रिकामी करण्याच्या दाव्यात कंपनी या कायद्याच्या आत की बाहेर. कोर्ट म्हणालं एक कोटीचं भागभांडवल हे उंबरठ्यावरचं तथ्य आहे आणि ते बघायचं दावा दाखल झाला त्या तारखेला. नंतर कंपनीचं काय झालं त्याने साधारणपणे ते बदलत नाही. शिवाय भरणा झालेलं भागभांडवल वेगळं आणि कंपनीची आजची ऐपत वेगळी, कंपनी तोट्यात बुडाली म्हणून तिचं भांडवल आपोआप कमी झालं असं होत नाही. म्हणजे इथे काम काय होतं बघा, एक तारीख पक्की करायची आणि त्या तारखेचा एक कागद बघायचा. पण हे न करता सुनावणीच्या दिवशीची परिस्थिती लिहिलेल्या ऑर्डरी मी कितीतरी बघितल्यात, तीन वर्षांपूर्वीची नोटीस आणि आजचा सातबारा, किंवा जुना वाद आणि कालचा पंचनामा. पंचनामा कितीही छान असला तरी तो चुकीच्या दिवसाचा असेल तर त्याचा उपयोग काय.

आता तुमच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण आमच्या वकील मंडळींनीही या तत्त्वाचा गैरवापर केलाय, हे मी नाकारणार नाही. प्रत्येक नोटिशीला "अधिकारच नाही" म्हणून पहिल्या दिवशी रिट टाकायचं, स्टे घ्यायचा आणि वर्षानुवर्षं झोपायचं. यातलं सगळ्यात वाईट उदाहरण कामगारांच्या केसेसमध्ये दिसतं. माणूस कायद्यातला कामगार आहे की नाही हे दाराचंच तथ्य, त्याच्याशिवाय लेबर कोर्टाला त्याचा वाद ऐकताच येत नाही. पण म्हणून मालक मंडळी आधी फक्त तेवढाच मुद्दा चालवा म्हणतात, तो हरला की हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि मूळ प्रश्न, कामावरून काढणं बरोबर होतं का, तो तसाच पडून. डी. पी. महेश्वरी यांच्या प्रकरणात १९६९ साली कामावरून काढलेल्या माणसाचा खटला १९८३ पर्यंत याच एका प्राथमिक मुद्द्यावर अडकला होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यावर जे लिहिलंय ते वाचून कुठल्याही वकिलाची मान खाली जावी. त्यांनी सांगितलं की अशा न्यायाधिकरणांनी सगळे मुद्दे एकत्र ऐकून एकत्र निकाली काढावेत, तुकड्यातुकड्यांनी नाही.

हे वाचून काही अधिकारी मला म्हणतील, बघा, सुप्रीम कोर्टच म्हणतंय एकत्र निकाल द्या, मग आम्ही हरकत ऑर्डरमध्येच निकाली काढतो ते बरोबरच आहे. अगदी बरोबर आहे. एकत्र ऐका. पण एकत्र ऐकणं म्हणजे दाराचा मुद्दा दोन ओळीत उरकणं नव्हे. पुरावा एकदमच घ्या, युक्तिवाद एकदमच ऐका, आणि ऑर्डर लिहायला बसाल तेव्हा पहिला परिच्छेद दाराचा लिहा. कायद्यात कुठली अट आहे, ती कुठल्या तारखेला बघायची, त्या तारखेचे कुठले कागद आपल्यासमोर आहेत, समोरच्याने काय हरकत घेतली, त्याचा कुठला कागद पटला किंवा का नाही पटला, आणि मग निष्कर्ष. तो निष्कर्ष नकारात्मक आला तर तिथेच थांबा, पुढचा हिशोब तुमचा नाहीच. सकारात्मक आला तर मग तुमची साडेतेरा पानं खुशाल लिहा.

असं लिहिल्याने तुमचाच फायदा कसा होतो हे हायकोर्टात रोज दिसतं. रिटमध्ये हायकोर्ट साधारणपणे साक्षीदार बोलवत नाही, उलटतपासणी होत नाही, प्रतिज्ञापत्रं आणि रेकॉर्ड यावरच चालतं. त्यामुळे दाराचं तथ्य कोर्ट स्वतः तपासतं म्हटलं तरी प्रत्यक्षात ते तुमच्या रेकॉर्डमधूनच तपासतं. रेकॉर्डमध्ये कागद असतील, कारणं असतील, दोन्ही बाजू ऐकलेल्या असतील तर तुमचा निष्कर्ष कोर्टाला बंधनकारक नसला तरी वजनदार असतो, आणि आमच्यासारख्या वकिलाला तो हलवायला खरंच घाम गाळावा लागतो. मी स्वतः अशा ऑर्डरींपुढे हरलोय आणि हरल्यावर ऑर्डर लिहिणाऱ्याबद्दल मनात आदरच वाटलाय. पण रेकॉर्डच रिकामं असेल तर मग "अपील करा ना, पर्यायी उपाय आहे" हा तुमच्या सरकारी वकिलाचा युक्तिवाद फार वेळ टिकत नाही, कारण मुळात अधिकारच नसेल तर पर्यायी उपाय आहे म्हणून रिट नाकारायलाच हवी असा नियम नाही. तथ्य खूप वादग्रस्त असेल, तोंडी पुराव्याशिवाय ठरणारच नसेल, तर मात्र कोर्ट आम्हाला अपिलात पाठवू शकतं आणि पाठवतंही, हेही खरं.

एक शेवटची गोष्ट, नोटिशीबद्दल. बऱ्याच शो-कॉज नोटिसांमध्ये दाराचं तथ्य लिहिलेलंच नसतं, ते गृहीत धरून एकदम "इतकी रक्कम का वसूल करू नये" असं विचारलेलं असतं. मग समोरचा माणूस रकमेबद्दल उत्तर देतो, कारण त्याला तेच विचारलंय, आणि ऑर्डरमध्ये तुम्ही लिहिता की अधिकाराबद्दल हरकत घेतली नाही म्हणजे मान्यच आहे. तसं होत नाही हो. समोरच्याने गप्प राहून किंवा अगदी लेखी संमती देऊन सुद्धा तुम्हाला नसलेला अधिकार मिळत नाही. आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक वकील न करताच पहिलं उत्तर देऊन बसलेले असतात, त्यांना उंबरठा, दार, अधिकार यातलं काही माहीत नसतं, ते फक्त घाबरून हातातल्या पावत्या पाठवतात. त्यांना नोटिशीतच सांगा की आम्ही असं समजतोय की तुम्ही अमुक आहात, अमुक तारखेला, अमुक कागदावरून, हे चूक असेल तर कळवा. दोन वाक्यं आहेत ही. त्या माझ्या अशिलाला ही दोन वाक्यं आली असती तर त्याने एक प्रमाणपत्र पाठवलं असतं, जे त्याच्या कपाटात पहिल्या दिवसापासून होतं आणि जे मी तीन वर्षांनी हायकोर्टात रेकॉर्डवर आणलं.

आपला,
रिट पिटिशन चालवणारा एक वकील